सदोष पॉवर बँकेची सूचना ग्राहकांना कशी द्यायची आणि पैसे कसे परत करायचे: छोट्या विक्रेत्यांसाठी

एखाद्या मालाबद्दल एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या की छोट्या विक्रेत्याच्या मनात पहिला विचार पुरवठादाराचा येतो. त्याला विचारून घेऊ, तो काय म्हणतो बघू, मग ग्राहकांना सांगू. कीबोर्ड किंवा हेडफोनचं एखादं बटण चालत नसेल तर हा क्रम चालून जातो. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूला मात्र तो चालत नाही. पुरवठादाराच्या उत्तराची वाट बघण्यात आठवडा गेला, तर तो आठवडाभर ती वस्तू कोणाच्या तरी उशाशी रात्रभर चार्ज होत राहते. म्हणून इथे एकच उदाहरण घेते, फुगणाऱ्या पॉवर बँकेचं, आणि पहिल्या तक्रारीपासून परताव्यापर्यंत काय काय करायचं ते क्रमानं सांगते.

उदाहरण असं धरा. तुम्ही १०,००० एमएएचची एक काळी पॉवर बँक विकता. ३ मे रोजी लॉट २४११ चे १६० नग आले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले १३१ विकले गेले, २९ शिल्लक आहेत. गेल्या पंधरा दिवसांत पाच ग्राहकांनी फुगलेल्या पॉवर बँकेचे फोटो पाठवले. चार फोटोंत लॉट क्रमांक दिसतो, पाचव्यात छपाई पुसली गेली आहे.

विक्री थांबवा आणि शिल्लक माल तपासा

शंका आली त्या तासाला विक्री थांबवायची. वेबसाइटवर, बाजारपेठेच्या ॲपवर आणि दुकानात, तिन्हीकडे. पाठवायला बांधून ठेवलेली पार्सलंही बाजूला काढायची. ही सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट आहे. मालक ऑनलाइन यादीतून वस्तू काढतो आणि कुरिअरवाला संध्याकाळी आधीच बांधलेली चार पाकिटं घेऊन जातो.

मग शिल्लक २९ नग तपासायचे. पॉवर बँकेत बहुधा चपटे, पाकिटासारखे सेल असतात. आतला इलेक्ट्रोलाइट बिघडून वायू तयार झाला की सेल फुगतो आणि प्लास्टिकच्या खोक्याला आतून रेटतो. हे बघायला यंत्र लागत नाही. नग काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर आडवा ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटानं हलकेच टेका. सपाट नग हलत नाही, फुगलेला डुगडुगतो. खोक्याच्या जोडावर नख फिरवून बघा, फट जाणवते का. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर सेल गळतो आहे, तो नग पुढे हाताळू नका. चार्ज करून बघू नका, दाबून बघू नका आणि उघडून तर मुळीच बघू नका.

आपल्या उदाहरणात २९ पैकी दोन नग डुगडुगले. हे दोन नग संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहेत, कारण ते एकदाही वापरलेले नाहीत. ग्राहकानं चुकीचा चार्जर लावला असेल, उन्हात ठेवलं असेल, पाडलं असेल, असं पुरवठादार हमखास म्हणतो, आणि तुम्हालाही मनातून तसं वाटून घ्यायला आवडेल. बंद खोक्यातला, कपाटातला नग फुगला असेल तर दोष मालात आहे. त्या दोन नगांचे लॉट क्रमांक आणि न वापरलेल्या केबलसकट फोटो काढून ठेवा. नग मात्र कागद, कापड, पुठ्ठा यांपासून दूर, जमलं तर इमारतीबाहेर, कोरड्या वाळूत ठेवा. कपाटात परत ठेवू नका.

शिल्लक मालात एकही नग फुगलेला निघाला नाही तर? त्यावरून दोष नाही असं ठरत नाही. काही दोष चार्ज-डिस्चार्जच्या बऱ्याच फेऱ्या झाल्यावरच बाहेर येतात. एकाच लॉटमधून चार तक्रारी आल्या असतील तर सूचना द्यायला तेवढं पुरेसं आहे.

कोणाला कळवायचं ते ठरवा

इथे छोट्या दुकानांची अडचण वेगळी असते. बिलावर लॉट क्रमांक नसतो. ३ मे रोजी नवा माल आला तेव्हा आधीच्या लॉटचे २२ नग मांडणीत होते आणि त्यानंतर दोन्ही लॉट मिसळून विकले गेले. त्यामुळे कोणाकडे कोणता लॉट गेला हे तुम्हाला सांगता येणार नाही. उपाय सरळ आहे: ३ मेनंतरच्या सगळ्या १५३ विक्रींना कळवायचं आणि लॉट क्रमांक कुठे बघायचा ते सांगायचं. ज्याच्या नगावर छपाई वाचता येत नाही त्याचा नग सदोषच धरायचा. पुसलेल्या छपाईचा फायदा ग्राहकाला द्या, स्वतःला घेऊ नका. २२ जणांना विनाकारण संदेश गेला तर काही बिघडत नाही. १३१ पैकी एकजण सुटला तर बिघडतं.

या १५३ पैकी समजा ९६ तुमच्या वेबसाइटवरचे, ३६ बाजारपेठेच्या ॲपवरचे आणि २१ रोखीनं दुकानातून घेतलेले आहेत. वेबसाइटवाल्यांचे नंबर आणि ई-मेल तुमच्याकडे आहेत. ॲपवाल्यांचे बहुधा नसतात, म्हणून ॲपच्या विक्रेता-मदत कक्षाला 'सुरक्षिततेचा दोष' असं स्पष्ट लिहून त्यांच्यामार्फत संदेश पाठवायला सांगायचं आणि त्यांचं उत्तर जपून ठेवायचं. रोखीच्या २१ जणांसाठी दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात सूचना लावा, काउंटरवर लावा, आणि जुन्या ग्राहकांपैकी कोणी घेतल्याचं आठवत असेल त्यांना फोन करा.

ग्राहकांना कळवता कळवताच सरकारी यंत्रणेलाही कळवायचं. बऱ्याच देशांत धोकादायक मालाची माहिती देणं विक्रेत्यावरही बंधनकारक असतं, फक्त उत्पादकावर नाही. अमेरिकेत अशी माहिती हाती आल्यापासून २४ तासांत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवावी लागते आणि हा नियम किरकोळ विक्रेत्यालाही लागू आहे. तुमच्याकडची मुदत काय आहे ते पहिल्याच दिवशी बघा. तुम्हाला विम्याचं संरक्षण असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, कारण उशिरा कळवलेला दावा नाकारला जाऊ शकतो.

सूचना लिहिताना

मसुदा लिहायला बसलं की हाताला आपोआप सवयीचे शब्द येतात. 'आमच्यासाठी ग्राहकांचा विश्वास सर्वोच्च आहे. अलीकडे अगदी मोजक्या ग्राहकांना किरकोळ अडचण आल्याचं निदर्शनास आलं असून, केवळ खबरदारी म्हणून आम्ही स्वेच्छेनं...' यात खोटं काहीच नाही. पण इतकं वाचेपर्यंत ग्राहकानं संदेश बंद केलेला असतो, आणि बंद केला नसला तरी त्याला कळतं ते एवढंच की फार काही झालेलं नाही.

युरोपीय संघाच्या उत्पादन सुरक्षा नियमावलीत हा मुद्दा थेट कायद्यातच आला आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार माल परत मागवण्याच्या सूचनेत धोका सौम्य वाटेल असे शब्द चालत नाहीत. 'स्वेच्छेनं', 'खबरदारी म्हणून', 'क्वचित प्रसंगी' ही त्यातलीच उदाहरणं. 'आतापर्यंत एकही अपघात नोंदलेला नाही' हे वाक्यही त्याच यादीत आहे. तुम्ही युरोपात विकत नसलात तरी मसुदा या चाळणीतून काढा. शेवटच्या वाक्यावर बऱ्याच जणांचा आक्षेप असतो: खरंच अपघात झालेला नसेल तर ते सांगणं प्रामाणिकपणाच नाही का? ग्राहकानं किंवा पत्रकारानं विचारलं तर जरूर खरं उत्तर द्या. पण सूचनेत ते वाक्य एकच काम करतं, वाचणाऱ्याला 'मग आज रात्री चार्ज करायला हरकत नाही' असं वाटायला लावतं. खरं वाक्य चुकीच्या जागी ठेवूनही माणसाची दिशाभूल होते.

आपल्या उदाहरणासाठी मी सूचना अशी लिहीन:

> विषय: पॉवर बँक वापरणं आत्ताच थांबवा. आग लागण्याचा धोका. पूर्ण पैसे परत.
>
> तुम्ही १८ जून रोजी आमच्याकडून १०,००० एमएएचची काळी पॉवर बँक घेतली आहे. तिच्या मागच्या बाजूला, सगळ्यात खालच्या ओळीत 'लॉट २४११' छापलेलं असेल किंवा क्रमांक वाचता येत नसेल, तर ती चार्ज करू नका आणि वापरू नका. ती चांगली चालत असली तरीही.
>
> या लॉटमधल्या पॉवर बँकेची बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी तापून पेट घेऊ शकते. पाच ग्राहकांनी बॅटरी फुगल्याचं कळवलं आहे. आमच्याकडच्या २९ न वापरलेल्या नगांपैकी दोन फुगलेले निघाले.
>
> पॉवर बँक केबलमधून काढा आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा. उघडू नका, भोक पाडू नका, कचऱ्यात टाकू नका, कुरिअरनं पाठवू नका. धूर दिसला तर हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.
>
> पैसे परत मिळवण्यासाठी लॉट क्रमांक असलेल्या मागच्या बाजूचा एक फोटो या संदेशाला उत्तर म्हणून पाठवा. क्रमांक पुसला असेल तरी चालेल. बिल लागणार नाही. फोटो आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत वस्तूची किंमत आणि तुम्ही भरलेला पोहोचवण्याचा खर्च, दोन्ही रकमा आम्ही परत पाठवू.
>
> बॅटरी का फुगते आहे हे आम्हाला अजून कळलेलं नाही. पुरवठादाराकडे विचारणा केली आहे. जे कळेल ते २० ऑगस्टला कळवू, काही कळलं नाही तर तेही कळवू.
>
> आम्ही तुम्हाला ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक कधीही विचारणार नाही.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. विषयातच काय करायचं ते आलं आहे, कारण अर्धे लोक तेवढंच वाचतात. खरेदीची तारीख आहे, त्यामुळे संदेश आपल्यालाच आहे हे ग्राहकाला कळतं आणि तो फसवा मेसेज वाटत नाही. 'ती चांगली चालत असली तरीही' हे पाच शब्द काढू नका, कारण फोनवर सगळ्यात जास्त येणारं वाक्य 'माझी तर मस्त चालते' हेच असतं. फुगलेल्या नगांचे आकडे दिले आहेत, कारण आकडे लपवले की लोक स्वतःच्या मनानं मोठे आकडे धरतात. माफी हवी असेल तर एका ओळीत, शेवटी मागा. सवलतीचं कूपन, नव्या मालाची जाहिरात, 'अधिक माहितीसाठी आमचं पेज फॉलो करा' यातलं काहीही या संदेशात नको.

सूचना पाठवण्याआधी दुकानाबाहेरच्या एका माणसाला फोनच्या पडद्यावर दाखवा आणि दहा सेकंदांनी फोन काढून घ्या. 'तुला काय करायला सांगितलं?' एवढंच विचारा. 'वापर थांबवायला' हे उत्तर आलं नाही तर पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहा.

बदली नग नको, पैसे द्या

पैसे देण्यापेक्षा बदली नग देणं विक्रेत्याला स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण दोषाचं कारण कळलेलं नसताना बदली नगही तसाच निघणार नाही याची तुम्हाला खात्री नसते. २०१६ मध्ये सॅमसंगनं गॅलक्सी नोट ७ परत मागवताना ग्राहकांना दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी असलेले फोन दिले. तेही पेट घेऊ लागले आणि ऑक्टोबरमध्ये फोनचं उत्पादनच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोष होते आणि ते वेगवेगळे होते. एवढ्या मोठ्या कंपनीला घाईत जे तपासता आलं नाही ते तुमच्या दुकानात तपासता येणार नाही. ग्राहकाला पॉवर बँकच हवी असेल तर त्यानं परत मिळालेल्या पैशातून हवी ती, हवी तिथून घ्यावी.

वस्तू परत पाठवायला सांगू नका. सदोष किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक नियमांत बंदी आहे आणि रस्त्यानं न्यायलाही खास पॅकिंग लागतं. 'नग परत करा, मग पैसे' असं म्हटलं की ग्राहक पाकिटावर 'इलेक्ट्रॉनिक्स' लिहून ते कुरिअरला देतो आणि धोका वाटेतल्या माणसांवर जातो. दुकानात हातोहात आणून दिली तर घ्या, मात्र वाळूच्या डब्यात ठेवायची तयारी आधी करा. बाकीच्यांना जवळच्या बॅटरी किंवा ई-कचरा संकलन केंद्राची माहिती द्या आणि ते केंद्र फुगलेल्या बॅटऱ्या घेतं का हे आधी स्वतः फोन करून विचारा.

मग कोणी फसवणार नाही का? एक-दोघे फसवतील. त्यासाठी फोटोची अट पुरेशी आहे, आणि हवं तर ग्राहकाला नगावर मार्करनं आपला ऑर्डर क्रमांक लिहून फोटो काढायला सांगा, म्हणजे तोच फोटो दोनदा वापरता येत नाही. वायर कापून फोटो पाठवा, ही अट हेअर ड्रायरला ठीक आहे. बॅटरीच्या वस्तूला कापण्याची किंवा तोडण्याची अट घालणं म्हणजे ग्राहकाला आगीशी खेळायला सांगणं.

पैसे शक्यतो ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत करा. कार्डावर परतावा दिसायला बँकेकडे काही दिवस लागतात. म्हणून 'आम्ही पाठवल्याची तारीख' आणि 'तुमच्या खात्यात दिसण्याची तारीख' हे वेगवेगळं सांगा आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक द्या. रोखीच्या ग्राहकाला रोख द्या, सही घ्या. भेट म्हणून मिळालेल्या किंवा कोणाकडून जुनी घेतलेल्या पॉवर बँकेचे पैसे ती आज ज्याच्या हातात आहे त्याला द्या. धोका त्याच्या घरात आहे.

एका ठिकाणी दुप्पट पैसे जातात, तिथे लक्ष ठेवा. काही ग्राहकांनी तुमच्या संदेशाआधीच बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार करून चार्जबॅक मागितलेला असतो. तुम्ही वेगळा परतावा दिलात आणि चार्जबॅकही मंजूर झाला, तर एकाच नगाचे पैसे दोनदा जातात. परतावा पाठवण्याआधी पेमेंट खात्यातल्या वादग्रस्त व्यवहारांची यादी बघा. नाव तिथे सापडलं तर चार्जबॅक मान्य करून टाका आणि ग्राहकाला तसं कळवा.

सगळ्यांचे पैसे एकदम द्यायला हातात रक्कम नसेल, तर सूचना थांबवू नका. वापर थांबवण्याची सूचना आजच जाऊ द्या आणि परताव्याची तारीख खरी लिहा, दोन दिवसांऐवजी पंधरा दिवस. ग्राहक उशीर सहन करतो, पण दोन दिवस सांगून तिसऱ्या आठवड्यात पैसे दिलेले सहन करत नाही. पुरवठादारानं भरपाई द्यायची की नाही हा तुमचा आणि त्याचा हिशोब आहे. ग्राहकाचे पैसे त्यावर अवलंबून ठेवू नका, आणि सूचनेत त्याच्याकडे बोटही दाखवू नका.

फोन वाजायला लागल्यावर

फोन घेणाऱ्या प्रत्येकाकडे सूचनेचीच प्रत असावी आणि त्यानं त्यापलीकडे अंदाज बांधू नये. 'नाही हो, तसं काही होत नाही' हे दिलासा देण्यासाठी सहज निघालेलं वाक्य उद्या तुमच्याच विरुद्ध उभं राहतं. 'माझी चांगली चालते' म्हणणाऱ्याला उत्तर असं: 'ताई, आमच्याकडे जी फुगली ती एकदाही वापरली नव्हती. चालते आहे यावरून आतलं काही कळत नाही. तुम्ही फोटो पाठवा, पैसे पाठवते.'

आग लागली, चटका बसला, सामान जळलं, असं कोणी सांगितलं तर तो फोन मालकानंच घ्यायचा. आधी माणसं बरी आहेत का ते विचारा. मग दिवस, वेळ, त्या वेळी चार्जिंग चालू होतं का, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. त्याच दिवशी सरकारी यंत्रणेला आणि विमा कंपनीला कळवा. 'यापुढे तक्रार करणार नाही' अशा कागदावर सही घेऊन मग परतावा, असं कधीही करू नका. परतावा त्यांचा हक्काचा आहे, नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे.

उत्तर न आलेल्यांचा पाठपुरावा

साध्या वहीतही चालेल, पण यादी ठेवा: ऑर्डर क्रमांक, कळवलं कधी आणि कसं, उत्तर, लॉट, पैसे पाठवल्याची तारीख. आठवड्यानं समजा वेबसाइटच्या ९६ पैकी ५८ जणांनी उत्तर दिलं. उरलेल्या ३८ जणांना तोच ई-मेल पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, तो एकदा दुर्लक्षित झाला आहे. त्यांना फोन करा. उचलला नाही तर एका ओळीचा एसएमएस: 'तुमच्या काळ्या पॉवर बँकेला आगीचा धोका आहे, चार्ज करू नका, पैसे परत देतो', खाली दुकानाचं नाव आणि नंबर. अडतीस फोन म्हणजे दोन माणसांचं एका दुपारचं काम आहे.

२० ऑगस्टला कळवू असं लिहिलं आहे, तेव्हा २० ऑगस्टला लिहा. किती जणांनी वापर थांबवल्याचं कळवलं, किती परतावे गेले, नवीन किती नग फुगले, पुरवठादारानं काय सांगितलं. याच दरम्यान आधीच्या लॉटचा एखादा नग फुगल्याचं निघालं, तर 'फक्त लॉट २४११' हे वाक्य त्याच दिवशी मागे घ्या आणि जुन्या लॉटच्या सगळ्या ग्राहकांना नवी सूचना पाठवा. आधीचा मजकूर गुपचूप बदलू नका. काय बदललं आणि कोणत्या तारखेला, ते वर लिहा.

परताव्याला शेवटची तारीख ठेवू नका. कोणाच्या तरी प्रवासाच्या बॅगेत ती पॉवर बँक सहा महिने पडून असते आणि मग एक दिवस चार्जिंगला लागते. दुकानात जमा झालेले आणि शिल्लक राहिलेले नग अधिकृत ई-कचरा संस्थेकडे द्या आणि लॉट क्रमांक व नगांची संख्या लिहिलेली पावती घ्या. 'तो माल दुसरीकडे स्वस्तात विकला' असं कोणी म्हणालं तर दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. पुरवठादाराला पुराव्यासाठी नग हवेच असतील तर ते घेऊन जाण्याची रीतसर व्यवस्था त्यानं करावी आणि नेल्याची सही द्यावी.